प्रेरणा सिद्धांत समजून घेताना: एचआरच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या कॉलेजांतून एचआर शिकणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांतली उदाहरणं मुद्दाम एकाच जागेची घेतली आहेत. एकच प्रसंग प्रत्येक सिद्धांत वेगळा कसा वाचतो, हे कळलं की सिद्धांत पाठ करावे लागत नाहीत.

ती जागा म्हणजे जळगाव एमआयडीसीतली एक डाळमिल. ती कल्पित आहे, पण इथल्या कुठल्याही डाळमिलीत गेलात तर ओळखीची वाटेल. तिथे चाळीसेक माणसं आहेत. गोण्या चढवणारे-उतरवणारे हमाल, रोलर आणि खराब डाळ वेगळी काढणारं सॉर्टेक्स मशीन चालवणारे ऑपरेटर, तुरीला तेल-पाणी लावून ती अंगणात वाळवणारे मजूर, आणि पॅकिंगसाठी आसपासच्या गावांतून एसटीनं येणाऱ्या बाया. मालकाला सगळे शेठ म्हणतात. एचआर म्हणून एकच मुलगी आहे, नुकतीच एमबीए झालेली.

१. मॅस्लोची गरजांची उतरंड म्हणजे नेमकं काय? कारखान्यातलं उदाहरण देऊन सांगा.

अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९४३ साली एका लेखात ही मांडणी केली आणि १९५४ च्या पुस्तकात ती विस्तारली. माणसाच्या गरजा पाच गटांत पडतात आणि त्यांच्यात एक क्रम असतो, असं तो म्हणतो. खालची गरज बऱ्यापैकी भागली की तिचा जोर ओसरतो आणि वरची गरज वागण्याची सूत्रं हाती घेते.

आपल्या मिलीत मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. तेव्हा पिण्याचं थंड पाणी, सावली आणि पोटभर जेवणाची सुट्टी या शारीरिक गरजा. रोलरच्या पट्ट्याला जाळी असणं, ईएसआय आणि पीएफ नियमित भरला जाणं, सीझन संपल्यावर काम राहील याची खात्री असणं, ही सुरक्षितता. पॅकिंगच्या बाया जेवायला एकत्र बसतात, एकमेकींच्या सुखदुःखाला जातात, तो आपलेपणा. शेठनं चारचौघांत "आजचा माल एक नंबर निघाला" म्हणणं किंवा ऑपरेटरच्या शब्दावर मशीनची सेटिंग ठरणं, हा मान. आणि एखादा ऑपरेटर तुटीचं प्रमाण कमी करायची स्वतःची पद्धत शोधून काढतो, कुणी सांगितलेलं नसताना, तेव्हा ती आत्मसिद्धीच्या दिशेची धडपड असते.

परीक्षेत बहुतेकजण इथेच थांबतात. पण मॅस्लोचं महत्त्वाचं वाक्य त्यानंतर येतं: भागलेली गरज माणसाला हलवत नाही. मिलीत आधीच पाण्याचा कूलर असेल तर दुसरा कूलर आणून हजेरी वाढणार नाही.

२. पिरॅमिडची आकृती मॅस्लोनंच काढली का?

नाही. त्याच्या १९४३ च्या लेखात पिरॅमिड नाही. ती आकृती पुढे व्यवस्थापनावर लिहिणाऱ्यांनी रूढ केली. उत्तरपत्रिकेत जरूर काढा, गुण मिळतात. फक्त आकृती पाहून दोन गैरसमज होतात, ते टाळा. पहिला म्हणजे एक पायरी पूर्ण चढल्याशिवाय दुसरी सुरूच होत नाही (याबद्दल पुढचा प्रश्न पाहा). दुसरा म्हणजे हमाल खालच्या पायरीवर आणि मॅनेजर वरच्या. उतरंड एका माणसाच्या गरजांची आहे, कंपनीतल्या हुद्द्यांची नाही. हमालालाही मान लागतो आणि मॅनेजरलाही नोकरी जाण्याची भीती असते.

३. खालची गरज शंभर टक्के भागल्यावरच वरची जागी होते का? आमच्याकडे तर बाया रोज बुडवून आखाजीला माहेरी जातात.

हा प्रश्न खानदेशातूनच यावा असा आहे, आणि त्याचं उत्तर खुद्द मॅस्लोच्या लेखात आहे. समजा एखाद्या साधारण माणसाच्या शारीरिक गरजा ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७० टक्के, आपलेपणाच्या ५० टक्के, मानाच्या ४० टक्के आणि आत्मसिद्धीच्या १० टक्के भागलेल्या आहेत, असं तो लिहितो. हे आकडे मोजलेले नव्हते, फक्त समजावण्यासाठी घेतले होते. ते पुरावा म्हणून लिहू नका. पण त्यांचा अर्थ स्पष्ट आहे. एकाच वेळी सगळ्या गरजा थोड्याथोड्या अपुऱ्या असतात आणि त्यांचं वजन तेवढं बदलत असतं. क्रमाला अपवाद असतात, हेही त्यानं त्याच लेखात सांगितलं आहे.

आता आखाजी घ्या. लेक माहेरी येते, झोके बांधले जातात, गाणी होतात. पॅकिंगची बाई त्यासाठी चार दिवसांचा रोज सोडते. श्रावणात कानबाईच्या वेळी सुरतेला-पुण्याला गेलेली माणसंसुद्धा रोटांसाठी गावी परततात. पिरॅमिडकडे बोट दाखवून "रोज म्हणजे खालची गरज, माहेर म्हणजे वरची, मग ही उलटी का वागते?" असं विचारणाऱ्यानं एक गोष्ट पाहिलेली नसते. चार दिवसांच्या रोजानं तिची चूल विझणार नसते. माहेरी न जाण्यानं मात्र वर्षभराची ओढ अपुरी राहते. आणि नीट पाहिलं तर माहेर हा फक्त आपलेपणा नाही. उद्या अडचण आली तर पाठीशी उभं राहणारं घर तेच आहे, म्हणजे ती सुरक्षितताही आहे. एका वागण्यामागे एकाच वेळी दोन-तीन गरजा असतात, आणि हेही मॅस्लोनं म्हटलेलं आहे.

एचआरच्या मुलीनं यातून काय घ्यायचं? आखाजीची गैरहजेरी ही शिस्तीची अडचण नाही, ती कॅलेंडरची आहे. तारीख वर्षभर आधी माहीत असते. त्या आठवड्याचं पॅकिंग आधीच उरकणं किंवा रजा पाळीपाळीनं वाटून देणं हे मेमो देण्यापेक्षा कामाचं ठरतं.

४. पगार कुठल्या पायरीवर येतो?

कुठल्याही एका पायरीवर नाही. पैसा गरज नाही, गरज भागवायचं साधन आहे, आणि तो प्रत्येक पायरीवर पोचतो. हमालाची मजुरी घरात किराणा आणते. पगार दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला होणं ही सुरक्षितता. मुलीच्या लग्नात भाऊबंदांना नीट जेवू घालता येणं हा आपलेपणाही आणि मानही. आणि शेजारच्या मशीनवरच्या माणसापेक्षा दोनशे रुपये कमी मिळणं हा सरळ मानाचा प्रश्न. त्या दोनशे रुपयांनी घरखर्चात फरक पडत नसतो, तरी माणूस त्यासाठी नोकरी सोडतो. असं का होतं, ते प्रश्न ९ मध्ये आहे.

५. हर्झबर्ग आणि मॅस्लो यांच्यात फरक काय? दोघं सारखंच सांगतात असं वाटतं.

याद्या सारख्या दिसतात, पण प्रश्नच वेगळा आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनिसांना विचारलं: कामात तुम्हाला फार चांगलं वाटलं असा प्रसंग सांगा, आणि फार वाईट वाटलं असाही सांगा. १९५९ साली निष्कर्ष छापले गेले. चांगल्या प्रसंगांत यश, शाबासकी, काम स्वतः, जबाबदारी, बढती या गोष्टी जास्त आल्या. वाईट प्रसंगांत कंपनीची धोरणं, देखरेख करणारा वरिष्ठ, पगार, कामाची जागा, संबंध. पहिल्यांना त्यानं प्रेरक घटक म्हटलं, दुसऱ्यांना हायजीन घटक.

त्याचा गाभा एवढाच की असमाधान जाणं म्हणजे समाधान येणं नव्हे. ती एकाच रेषेची दोन टोकं नाहीत.

दिवाळीचा बोनस हे याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. कायदा लागू असलेल्या ठिकाणी, ठरलेल्या पगारमर्यादेतल्या आणि वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्या कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस द्यावाच लागतो. शेठनं तो धनत्रयोदशीच्या आधी दिला तर दिवाळीनंतर उत्पादन वाढतं का? नाही. तो हक्काचा होता, मिळाला, विषय संपला. तोच लक्ष्मीपूजन उलटून गेलं तरी मिळाला नाही, तर देवदिवाळीपर्यंत मिलीत दुसरा विषय नसतो. असेल तर जाणवत नाही, नसेल तर सगळं बिघडवतो, असा घटक म्हणजे हायजीन.

एक मर्यादा लक्षात ठेवा. चांगलं घडलं तर माणूस श्रेय स्वतःला देतो आणि वाईट घडलं तर दोष साहेबाला किंवा धोरणाला. त्यामुळे हर्झबर्गचे दोन गट काही अंशी विचारण्याच्या पद्धतीतूनच तयार झाले, असा आक्षेप घेतला गेला आणि तो वजनदार आहे. शिवाय त्याची माणसं अभियंते आणि हिशेबनीस होती. हमालीच्या कामावर तीच विभागणी जशीच्या तशी बसेल असं धरू नका. जिथे पगारच अपुरा आहे तिथे पगारवाढ चांगली प्रेरणा ठरू शकते.

६. ॲल्डरफरचा ईआरजी हा वेगळा सिद्धांत का मानतात? पाचचे तीनच तर केले.

तीन गट केले हे खरं: अस्तित्व, संबंध आणि वाढ. १९६९ सालच्या या मांडणीत नवी भर आहे ती माघारीची. वरची गरज अडली की माणूस खालच्या गरजेसाठी जास्त आग्रही होतो.

आपल्या मिलीतला सॉर्टेक्स ऑपरेटर दोन वर्षं सेटिंग शिकू द्या म्हणून मागे लागला. शेठनं दर वेळी बाहेरून मेकॅनिक बोलावला. तिसऱ्या वर्षी तो ऑपरेटर चहाच्या वेळेवरून, बुटांवरून, ओव्हरटाइमच्या पंधरा मिनिटांवरून वाद घालायला लागला. एचआरच्या रजिस्टरमध्ये नोंद पडते "पैशांच्या तक्रारी". पैसे वाढवले तरी तक्रारी थांबत नाहीत, कारण अडलेली गरज शिकण्याची आहे. एकाच माणसाच्या तक्रारी वर्षाच्या क्रमानं लावून पाहा. सुरुवातीला त्यानं काय मागितलं होतं, ते तिथे सापडतं.

७. मॅक्लेलँडच्या तीन गरजांचं भारतातलं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते पुस्तकात असूनही विद्यार्थी गाळतात. डेव्हिड मॅक्लेलँड संपादन म्हणजे काही साध्य करून दाखवणं, सहवास आणि सत्ता या तीन गरजा सांगतो. त्याच्या मते या गरजा बऱ्याच अंशी शिकलेल्या असतात, म्हणून शिकवताही येतात. हे तपासायला त्यानं १९६४ च्या सुमारास आंध्र प्रदेशातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत थोड्या दिवसांचं संपादन-प्रेरणेचं प्रशिक्षण दिलं. झेपेल पण कस लागेल असं ध्येय निवडणं, निकालाची लगेच माहिती घेणं, जबाबदारी स्वतःवर घेणं असा त्याचा भर होता. नंतर पाहिलं तर प्रशिक्षण घेतलेल्यांनी इतरांपेक्षा धंद्यात जास्त हालचाल केलेली दिसली.

मॅस्लोशी फरक इथे आहे. मॅस्लोकडे क्रम सगळ्यांचा साधारण एकच असतो. मॅक्लेलँडकडे माणसागणिक वेगळी गरज वरचढ असते. बढतीचे निर्णय घेताना हाच फरक उपयोगी पडतो (प्रश्न १३ पाहा).

८. गरजा ओळखल्या, बक्षीसही ठेवलं, तरी हजेरी वाढत नाही. असं का?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

गरजांचे सिद्धांत माणसाला काय हवं ते सांगतात. हवं ते मिळवण्यासाठी तो आज, या कामावर, जोर लावेल का, हे ते सांगत नाहीत. ते व्हिक्टर व्रूमचा १९६४ चा अपेक्षा सिद्धांत सांगतो. तो तीन प्रश्नांचा गुणाकार आहे: मी प्रयत्न केला तर जमेल का? जमलं तर ठरलेलं मिळेल का? आणि जे मिळेल त्याची मला किती किंमत आहे? बेरीज नाही, गुणाकार. एक उत्तर शून्य आलं की सगळं शून्य.

मिलीत पॅकिंगची हजेरी घसरली म्हणून शेठनं जाहीर केलं: महिन्याचे सगळे २६ दिवस जी येईल तिला १,००० रुपये. रक्कम चांगली आहे, आणि शेठ शब्दाचा पक्का आहे. म्हणजे दुसरं आणि तिसरं उत्तर भक्कम. तरी दोन महिन्यांत योजना कोमेजली. कारण पहिलं उत्तर कुणी तपासलंच नाही.

एक चांगली, नियमित बाई धरू. वीस दिवसांत सरासरी एकदाच तिचा खाडा होतो. एसटी आली नाही, पोराला ताप, घरी पाहुणे. म्हणजे कुठल्याही एका दिवशी ती येण्याची शक्यता ९५ टक्के. पण सलग २६ दिवस यायचं तर ०.९५ ला स्वतःशी २६ वेळा गुणावं लागतं, आणि उत्तर येतं सुमारे ०.२६. म्हणजे इतकी नियमित बाईसुद्धा चारांतल्या एखाद्याच महिन्यात बक्षीस घेऊ शकते. तिनं हा गुणाकार केलेला नसतो, पण दोन महिने हुकल्यावर तिला उत्तर कळलेलं असतं. (प्रत्यक्षात खाडे एकगठ्ठा पडतात, ताप आला की तीन दिवस जातात. त्यामुळे पूर्ण महिना हाती लागण्याची शक्यता या हिशेबापेक्षा थोडी बरी असते. मुद्दा तोच राहतो.)

यापेक्षा वाईट गोष्ट पुढची. पाच तारखेला एक खाडा झाला की उरलेल्या महिन्यासाठी "जमेल का?" चं उत्तर शून्य होतं. बक्षीस गेलंच आहे, मग बाराला बहिणीकडे जाऊन येऊ, असं ती ठरवते. ज्या योजनेनं तिला थांबवायचं होतं, तीच आता तिला मोकळी करते.

हे घडतंय की नाही ते मस्टरमध्ये दिसतं. योजना नसतानाच्या आणि योजना असतानाच्या महिन्यांत पहिल्या खाड्यानंतर दुसरा खाडा किती दिवसांनी पडला ते प्रत्येकीसाठी लिहून काढा. योजनेच्या महिन्यांत हे अंतर कमी झालं असेल तर दोष योजनेच्या रचनेत आहे, बायांच्या वृत्तीत नाही.

दुरुस्ती रकमेत नाही, मुदतीत आहे. आठवड्याचे सहा दिवस पूर्ण केले तर २५० रुपये असं केलं, तर त्याच बाईची शक्यता ०.९५ चा सहा वेळा गुणाकार, म्हणजे सुमारे ०.७४ होते. चारांत तीन आठवडे ती जिंकते, आणि एक आठवडा गेला तरी सोमवारी पाटी कोरी असते.

शेठ लगेच खर्च विचारेल, आणि त्यानं विचारावाच. महिन्याच्या योजनेत अशा एका बाईवर सरासरी २६० रुपये खर्च होत होते. आठवड्याच्या योजनेत चार आठवड्यांचे सुमारे ७३५ होतात. तेवढी ऐपत नसेल तर आठवड्याला १०० ठेवा. खर्च ३०० च्या आत राहतो आणि जिंकण्याची शक्यता तेवढीच टिकते. पण १०० रुपयांची तिच्या लेखी किंमत किती, हा तिसरा प्रश्न मग पुन्हा उघडतो. त्याचं उत्तर कागदावर मिळत नाही, चार बायांना विचारूनच मिळतं.

आणि खाड्यांची कारणं लिहून ठेवा. अर्धे खाडे सकाळची एसटी चुकल्यामुळे असतील तर प्रयत्नाचा प्रश्नच नाही. तिथे बक्षीस नको, पाळीची वेळ पंधरा मिनिटं पुढे ढकला.

९. योजना चालली, पण बाकीचे कामगार नाराज झाले. आता?

इथे जे. स्टेसी ॲडम्सचा समन्याय सिद्धांत लागतो, १९६० च्या दशकातला. माणूस आपण घातलेलं आणि आपल्याला मिळालेलं यांचं प्रमाण दुसऱ्याच्या प्रमाणाशी ताडून पाहतो. मला किती मिळालं, याइतकंच त्याच्या तुलनेत किती, हेही मोजलं जातं.

आपल्या मिलीत पॅकिंगला आठवड्याचं बक्षीस सुरू झालं. सॉर्टेक्स ऑपरेटर वर्षानुवर्षं खाडा न करता येत होता. त्याचा पगार एक रुपयानंही कमी झालेला नाही. पण त्याच्या नजरेतून चित्र असं दिसतं: ज्या येत नव्हत्या त्यांना येण्याचे पैसे, मी येतच होतो तर मला काही नाही.

असा माणूस भांडतोच असं नाही. तुलनेसाठी तो दुसरं माणूस निवडू शकतो, मनाची समजूत घालू शकतो, नोकरी सोडू शकतो, किंवा स्वतः घातलेलं कमी करू शकतो. शेवटची गोष्ट ओळखणं अवघड असतं, कारण ऑपरेटर वेळेवर येतो, मशीन चालू असतं. रिजेक्टच्या गोणीत मात्र चांगली डाळ जास्त जायला लागते, कारण पूर्वी तो मध्येमध्ये सेटिंग हलवून पाहायचा, ते त्यानं सोडून दिलेलं असतं.

म्हणून एका विभागासाठी योजना आणताना तिचं कारण सगळ्यांसमोर सांगा, आणि आधीपासून नियमित असणाऱ्यांना पहिल्याच दिवशी तिच्यात घ्या. हमालांना गोणीमागे मजुरी असते. त्यांचा खाडा त्यांच्याच खिशातून जातो, त्यामुळे त्यांचा हिशेब वेगळा आहे. तो वेगळा का, हे सांगितलं तर त्यांना पटतं. न सांगता वगळलं तर पटत नाही.

१०. बक्षिसामुळे कामातली गोडी मरते, असं डेसीचं संशोधन सांगतं. मग बक्षीस द्यावं की नाही?

एडवर्ड डेसीच्या १९७१ च्या प्रयोगात कोडी सोडवण्यासाठी पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांनी पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात कोड्यांना कमी हात लावला. १९९९ साली डेसी, कोस्टनर आणि रायन यांनी १२८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा आधी जाहीर केलेल्या वस्तुरूप बक्षिसांचा हा परिणाम दिसला. पण मुळात गोडी असलेल्या कामांतच. कंटाळवाण्या कामात तो तसा दिसला नाही.

दिवसभर पिशव्या भरून सील करण्यात मरायला गोडी नसते, तिथे बक्षिसानं नुकसान नाही. तुटीचं प्रमाण कमी करायची युक्ती शोधणाऱ्या ऑपरेटरला (प्रश्न १ मधला) "दर युक्तीला ५०० रुपये" असं जाहीर करण्याआधी मात्र दहादा विचार करा. त्याला मशीनवर अधिक मोकळीक आणि झालेल्या कामाची नेमकी दाद जास्त मानवते.

११. मॅस्लो चुकीचा ठरला आहे का? मग शिकायचा कशाला?

क्रमाबद्दलचा त्याचा दावा कमजोर ठरला आहे. वाहबा आणि ब्रिडवेल यांनी १९७६ साली तोवरची संशोधनं तपासली, आणि पाच पायऱ्यांच्या ठरावीक क्रमाला फारसा आधार मिळाला नाही. टे आणि डीनर यांनी २०११ साली १२३ देशांची माहिती पाहिली. मॅस्लोसारख्या गरजा भागण्याचा माणसाच्या सुखाशी सगळीकडे संबंध दिसला, पण एक भागल्याशिवाय दुसरीचा लाभ नाही असं दिसलं नाही.

म्हणजे यादी टिकली, जिना डळमळला. मिलीत फेरी मारताना काय काय पाहायचं, याची आठवण म्हणून ती यादी आजही चांगली आहे. पाणी पाहिलं, जाळी पाहिली, पण बाया जेवतात कुठे ते पाहिलं का? या क्रमानं आधी हे आणि मगच ते, असा कार्यक्रम आखायला मात्र ती वापरू नका.

१२. प्रोजेक्टसाठी कामगारांकडून पाच गरजांना क्रमांक भरून घेतले. सगळ्यांनी पगार पहिला लिहिला. बरोबर आहे का?

माहिती खरी असेल, पण तिच्यातून निष्कर्ष निघत नाही. फॉर्म भरून घेणारा कंपनीच्या ऑफिसातून आलेला आहे, बाजूला मुकादम उभा आहे, आणि कागद शेठपर्यंत जाईल अशी समजूत आहे. अशा वेळी पगार पहिला लिहिणं शहाणपणाचंच आहे, कदाचित वाढेल. शिवाय "आत्मसिद्धी" हा शब्द वाचून कुणालाही काही कळत नाही, त्यामुळे ती कायम पाचवी येते.

त्यापेक्षा हर्झबर्गची रीत उचला, त्याचे निष्कर्ष न उचलता. जेवणाच्या सुट्टीत, मुकादम नसताना, शक्यतो अहिराणीत किंवा तावडीत, माणूस जी बोलतो तिच्यात, दोन प्रसंग विचारा: गेल्या वर्षात कामावरून खुशीत घरी गेलात तो दिवस, आणि काम सोडून द्यावं वाटलं तो दिवस. मग त्यांना बोलू द्या. पंधरा माणसांच्या अशा तीस प्रसंगांत जे सापडतं ते दोनशे फॉर्ममध्ये सापडत नाही. नावं लिहू नका, आणि लिहिणार नाही हे आधी सांगा.

१३. चांगला ऑपरेटर मुकादम व्हायला नको म्हणतो. पगार वाढतो, मान वाढतो, तरी नको. हे कुठल्या सिद्धांतात बसतं?

पिरॅमिड हातात धरून बसलात तर कुठेच बसत नाही, म्हणून हा प्रश्न तोंडी परीक्षेत आवडीनं विचारला जातो.

मॅक्लेलँडकडून पाहा. त्याची वरचढ गरज सहवासाची असेल तर मुकादमकी म्हणजे काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांचेच खाडे आज लिहायचे. संपादनाची असेल, तर मशीनवर त्याला आपल्या कामाचा निकाल तासाभरात दिसतो, आणि मुकादमाला दुसऱ्यांच्या कामाची वाट पाहावी लागते. दोन्ही बाबतीत बढती त्याच्याकडून काहीतरी काढून घेते.

व्रूमकडून पाहा. तिसरं उत्तर, मिळेल त्याची किंमत, फक्त कमी-जास्त नसतं, ते उणेही असू शकतं. हजार-दोन हजार वाढीव रुपये अधिक, आणि भाऊबंदकीतली कटुता उणे. गावातले, नात्यातले लोक एकाच मिलीत असतात तिथे हे उणे फार मोठं होतं. मग मुकादमकीसाठी मेहनत कर असं कितीही सांगा, गुणाकार उणेच येतो.

आणि साधी शक्यताही तपासा. त्याला मस्टर लिहिणं आणि मोबाइलवर रिपोर्ट पाठवणं जमेल असं वाटत नसेल. मग "नको" चा अर्थ "मला जमणार नाही" असा असतो, आणि त्याला महिनाभर शिकवलं की उत्तर बदलतं. तिन्हींतलं खरं कोणतं ते ओळखायला त्याला "का नको?" असं विचारू नका, तो "असंच" म्हणेल. "दुसऱ्या मिलीत, ओळखीचं कुणी नसताना, हेच काम दिलं तर घ्याल का?" असं विचारा. हो म्हणाला तर अडचण नात्यांची आहे. तिथेही नको म्हणाला तर पुढे विचारा, "लिहायला एक पोरगा सोबत दिला तर?"

दोन्हीला नको आलं तर त्याला मशीनवरच राहू द्या आणि तिथेच वर न्या: मुख्य ऑपरेटर असा हुद्दा, त्याप्रमाणे पगार, नव्या मुलांना मशीन शिकवण्याचं काम आणि सेटिंगबद्दलचा शेवटचा शब्द त्याचा. मुकादमकीसाठी दुसरं माणूस शोधा.